लघवीचे रिपोर्ट क्लिअर, तरी जळजळ आणि घाई: इन्फेक्शन, खडा की मूत्राशयाचंच दुखणं?

प्रश्न: वय ३६. आठ महिने झाले, लघवीला जळजळ आणि सारखी घाई. पाच वेळा लघवी तपासली, तीनदा कल्चर केलं, सगळं क्लिअर. तरी अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले, दोन-चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच. सोनोग्राफीत उजव्या किडनीत ३ मिमीचा खडा, बाकी नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन लपलंय, एक म्हणतात खड्यामुळे, एक म्हणतात टेन्शन घेऊ नका. नक्की काय आहे? दुर्बिणीची तपासणी करून घेऊ का?

उत्तर:

ताई, सगळं लिहिलंत पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते निम्मं निदान त्यातच आहे. दुखतं ते नेमकं कधी? लघवी होताना चरचरतं, की लघवी साठत जाते तसतसं ओटीपोटात दुखत जातं आणि करून आल्यावर थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं? ओपीडीत मी पहिला प्रश्न हाच विचारते आणि बहुतेक बायका म्हणतात "अहो डॉक्टर, दोन्ही." मग मी म्हणते उद्या दिवसभर फक्त एवढंच बघा, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर बदललेलं असतं.

आपल्याकडे ज्याला उन्हाळी लागणं म्हणतात ते, म्हणजे साधं इन्फेक्शन, एकदम सुरू होतं. काल ठीक होतं, आज सकाळपासून आग. लघवी करताना आणि संपताना चरचर होते, लघवी गढूळ असते, वास येतो, कधी लालसर होते, आणि योग्य गोळी लागू पडली की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. आठ आठ महिने एकाच चालीने रेंगाळणं हा त्याचा स्वभाव नाही. वारंवार होणाऱ्यांनासुद्धा मधले आठवडे बरे जातात आणि दुखतं तेव्हा कल्चरमध्ये जंतू सापडतात.

मूत्राशयाचं दुखणं, ज्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम किंवा जुन्या नावाने इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात, ते भरण्याशी बांधलेलं असतं. (लघवीची पिशवी म्हणतेय मी, आपल्याकडे नुसतं पिशवी म्हटलं की गर्भाशय समजतात म्हणून स्पष्ट सांगते.) पिशवी थोडी भरली की दाब, आग, ठणका, आणि रिकामी केली की उतार. पंधरा-वीस मिनिटांनी परत तेच सुरू. म्हणून बाई सारखी बाथरूमला जाते. कपड्यात होईल या भीतीने नाही, दुखणं थांबावं म्हणून जाते. हा फरक लक्षात ठेवा, कारण होऊन जाईल या भीतीने पळावं लागत असेल तर तो ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर, त्याची औषधं वेगळी आणि या दुखण्यावर ती एकटी फारशी उपयोगी पडत नाहीत. असं दुखणं सहा आठवड्यांच्या वर चाललंय आणि दुसरं कारण सापडत नाही, तेव्हा आम्ही हे निदान धरून उपचार सुरू करतो. ते होतं का याचं एकच एक उत्तर नाही. पिशवीच्या आतला संरक्षक थर विरळ होऊन लघवीतले क्षार नसांना झोंबतात असं एक कारण मानलं जातं, काहींमध्ये नसाच जास्त जाग्या झालेल्या असतात, आणि काहींमध्ये ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले असतात. पुष्कळदा तिन्ही थोडं थोडं.

आता "लपलेलं इन्फेक्शन". ही शंका अगदीच फेकून देण्यासारखी नाही, पण ती तपासायची रीत आहे. कल्चर खोटं क्लिअर येतं ते बहुतेक वेळा आपल्याच चुकीने. घरातली उरलेली अँटिबायोटिक आधी दोन दिवस घेतली आणि मग सॅम्पल दिलं, किंवा जळजळ होते म्हणून तांब्याभर पाणी पिऊन पाण्यासारखी लघवी दिली, किंवा सॅम्पल सकाळी सातला भरलं आणि लॅबमध्ये दुपारी पोचलं. अजून एक, बऱ्याच लॅब एक मिलीत एक लाखाच्या खाली जंतू असतील तर सरळ "नो सिग्निफिकंट ग्रोथ" लिहून मोकळ्या होतात. त्रास असलेल्या बाईत हजारभर जंतूसुद्धा खरं इन्फेक्शन असू शकतं. म्हणून मी सांगते की शेवटच्या अँटिबायोटिकनंतर दोन आठवडे जाऊ द्या, जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून मधली लघवी घ्या, तासाभरात लॅबमध्ये द्या, आणि लॅबला सांगा की त्रास चालू आहे, कमी संख्या आली तरी रिपोर्टमध्ये लिहा. असं एकदा नीट केलेलं कल्चर आडव्यातिडव्या पाच रिपोर्टपेक्षा जास्त बोलतं.

आणि कल्चरच्या आधी रुटीनचा कागद काढून पस सेल्स बघा. माझ्या दृष्टीने रस्ता इथे फुटतो. पस सेल्स शून्य ते पाच, कल्चर निर्जंतुक, आणि असं तीनदा आलंय, तर जंतूंचं इन्फेक्शन शोधत बसण्यात अर्थ नाही. पण पस सेल्स दर वेळी वीस-तीस आणि तरीही कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, हा कागद क्लिअर नाही हो, त्यावर कुणी क्लिअर म्हटलं असलं तरी. अशा वेळी आपल्या देशात पहिली आठवण लघवीच्या टीबीची व्हायला हवी. साध्या कल्चरमध्ये टीबीचे जंतू वाढतच नाहीत. त्यासाठी ओळीने तीन दिवस पहाटेची पहिली लघवी एएफबी आणि सीबीनॅटला पाठवायची असते. कधी खडा निघतो, कधी शरीरसंबंधातून येणारं क्लॅमिडियासारखं इन्फेक्शन, त्याचीही तपासणी वेगळी असते. म्हणून तुमचे पाचही कागद समोर ठेवून फक्त तो एक आकडा बघा.

मग प्रश्न उरतो की इन्फेक्शन नव्हतं तर अँटिबायोटिकने दोन-चार दिवस बरं का वाटलं. याच अनुभवामुळे पेशंट आणि डॉक्टर दोघंही फसतात. चिठ्ठीत अँटिबायोटिकच्या खाली दुसरी ओळ काय होती ते आठवा, पाण्यात घालून प्यायचं गुलाबी-नारिंगी सिरप, बरोबर? ते लघवीचा आंबटपणा कमी करतं, त्याने आग शमते, जंतू असोत नसोत. शिवाय त्या दिवसांत तुम्ही पाणी जास्त प्यालात, लघवी पातळ झाली, झोंबणं कमी झालं. आणि या आजाराला भरती-ओहोटी असते, आपण गोळी घेतो ती भरती टिपेला असताना, त्यानंतर ओहोटी तशीही येणारच असते. श्रेय अँटिबायोटिकला जातं. पाचव्या कोर्सने फायदा नाही झाला तर नुकसान मात्र नक्की होतं, योनीमार्गात बुरशी होऊन वेगळीच खाज-आग सुरू होते आणि पुढे खरं इन्फेक्शन झालं की गोळ्या चालेनाशा होतात. पुरावा नसताना लांबलचक अँटिबायोटिक या आजारात देऊ नयेत असं आमच्या गाइडलाइन्सही स्पष्ट म्हणतात.

खड्याबद्दल. तुमचा तो ३ मिमीचा खडा किडनीत बसलाय. किडनीत शांत बसलेला खडा पिशवीत जळजळ करत नाही, तो बिचारा फक्त सोनोग्राफीत दिसला म्हणून आरोपी झालाय. जळजळ आणि घाई करतो तो किडनीतून सुटून नळीच्या अगदी खालच्या टोकाला, पिशवीत शिरायच्या तोंडाशी अडकलेला खडा. तिथे तो पिशवीलाच टोचत असतो म्हणून लक्षणं हुबेहूब इन्फेक्शनसारखी. पण त्याच्या आधी एका बाजूला, कंबरेतून जांघेकडे उतरणारी, लाटेसारखी कळ येऊन गेलेली असते, मळमळ-उलटी असते, माणूस एका जागी बसू शकत नाही, आणि लघवीत बहुधा लाल पेशी दिसतात. माझ्याकडे एक जण असेच तीन आठवडे उन्हाळीची औषधं घेऊन आले होते. कल्चर निर्जंतुक, सोनोग्राफी नॉर्मल, फक्त रुटीनमध्ये लाल पेशी १५ ते २०. सोनोग्राफी बघितली तर पिशवी रिकामी असताना केलेली, आणि खालच्या टोकाचा खडा दिसायला पिशवी भरलेली लागते, ती पाण्याची खिडकीच असते एक प्रकारे. साधा, डाय न देता केलेला सीटी स्कॅन केला आणि ५ मिमीचा खडा बरोब्बर तोंडाशी. तो औषधावर आठवड्याभरात पडला आणि जळजळ त्याच दिवशी गेली. तुमच्या लिहिण्यात कळही नाही, एक बाजूही नाही, आठ महिने एका जागी असा खडा गप्प बसणं सहसा होत नाही. तरी सोनोग्राफी रिकाम्या पिशवीवर झाली होती का ते आठवून बघा, आणि रुटीनमध्ये लाल पेशी दर वेळी असतील तर सीटीचं विचारा. प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर आधी सांगा, मग सीटी नाही करायचा.

आता हे ओळखायचं कसं, ते एका पेशंटवरून सांगते, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. वय ४१, शाळेत शिकवतात. दीड वर्ष त्रास, सात कोर्स झालेले. मी त्यांना एकच काम दिलं: तीन दिवसांची डायरी. औषधाच्या दुकानात मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग मिळतो तो आणायचा, प्रत्येक वेळी त्यात लघवी करून आकडा लिहायचा, वेळ लिहायची, जायच्या आधी दुखणं दहापैकी किती आणि नंतर किती, आणि काय खाल्लं-प्यायलं ते. शाळेत कसं जमेल म्हणून शनिवार-रविवारला जोडून एक रजा घेतली त्यांनी.

डायरी आली ती अशी. चोवीस तासांत २० वेळा लघवी, दिवसा १७ आणि रात्री ३. दर वेळी ७० ते १३० मिली, पहाटेची सगळ्यात मोठी १९०. एकूण मात्र साधारण १९०० मिली, म्हणजे पाणी जास्त पितात म्हणून जावं लागतंय असं नव्हतं. (निरोगी पिशवी तीनशे-चारशे मिली आरामात धरते.) दुखणं जायच्या आधी ६, नंतर २, जवळजवळ प्रत्येक ओळीत. दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं होतं "आग होतेय म्हणून दोन ग्लास कोकम सरबत", आणि पुढचे पाच तास दुखणं आठाच्या खाली आलंच नाही. त्या पानावर बोट ठेवून त्याच म्हणाल्या, "म्हणजे मी औषध म्हणून विष घेत होते का?" विष नाही हो, साध्या उन्हाळीत कोकम, लिंबू-पाणी पिऊन कुणाचं बिघडत नाही, पण या आजारात आंबट बऱ्याच जणींना झोंबतं. क्रॅनबेरी ज्यूस आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांचंही तेच.

तपासताना मी ओटीपोट दाबून बघितलं, मग आतून एका बोटाने योनीच्या पुढच्या भिंतीवर, जिथे पिशवीचा तळ टेकतो तिथे हलकं दाबलं, आणि त्या दचकल्या, "हेच, हेच दुखणं." दोन्ही बाजूंचे तळाचे स्नायू दोरीसारखे ताणलेले. दीड वर्षात ही तपासणी कुणी केलेलीच नव्हती आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण यात मशीन लागत नाही, पाच मिनिटं लागतात. लघवी केल्यानंतर पिशवीत उरलेली फक्त २० मिली, म्हणजे तुंबत नव्हती. दोन आठवडे औषधं बंद ठेवून केलेलं कल्चर निर्जंतुक, पस सेल्स दोन-तीन. पाळीशी दुखण्याचा संबंध नव्हता, नाहीतर एंडोमेट्रिओसिस शोधावं लागलं असतं, शुगर नॉर्मल होती. ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या चालू आहेत का ते सांगावं, त्यांच्यामुळेही खालच्या जागेची बुरशी आणि आग होते. पाळी गेलेल्या बायकांत कोरडेपणा हे वेगळं कारण असतं आणि ते आत लावायच्या क्रीमने छान सुधारतं.

उपचार आम्ही एकेक करत सुरू केले, सगळं एकदम केलं की कशाने फरक पडला ते कळत नाही. पहिले तीन आठवडे चहा, कॉफी, लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, तिखट आणि बाटलीतली पेयं बंद. मग तीन तीन दिवसांनी एकेक परत चालू करून बघायचं. त्यांना चहा आणि आंबट नडलं, तिखट मात्र अजिबात नाही, म्हणजे ठेचा वाचला. कायमचं बेचव खायची गरज नसते, आपला आपला शत्रू ओळखायचा. पाणी दिवसभर थोडं थोडं, एकूण दोन लिटरच्या आसपास. कमी प्यायलं तर लघवी घट्ट होऊन जास्त झोंबते, धने-जिऱ्याचं पाणी, बार्ली चालतं त्यात काही अडचण नाही. सिरप मात्र महिनोन्‌महिने आपल्या मनाने पिऊ नका, त्यात सोडियम असतं, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर जड पडतं.

त्याबरोबर पेल्व्हिक फ्लोअरची फिजिओथेरपी, दर आठवड्याला एक अशा दहा बैठका. इथे एक गोष्ट ठासून सांगायचीय. नेटवर लघवीच्या कुठल्याही त्रासाला कीगल एक्सरसाइज करा म्हणतात, तुम्ही करू नका. आधीच आवळलेला स्नायू अजून आवळायला लावायचा म्हणजे पाय मुरगळलेल्याला पळायला लावणं. इथे शिकवायचं असतं ते सोडणं, पोटाने श्वास घेत तळ खाली सैल सोडणं, आणि थेरपिस्ट हाताने ते ताणलेले गोळे मोकळे करते. दुखणं वाढेल त्या दिवशी ओटीपोटावर आणि खाली गरम पाण्याची पिशवी.

तिसऱ्या टप्प्यात रात्री ॲमिट्रिप्टिलिन १० मिग्रॅ. हे नाव गुगलवर टाकलं की डिप्रेशनची गोळी असं येतं आणि पेशंट रागावतात, डॉक्टर मला वेडी समजतात का. तसं नाही. एवढ्या कमी डोसमध्ये ते नसांची झोंब कमी करायला देतात, तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते, बद्धकोष्ठ होतो, म्हणून रात्री आणि हळूहळू वाढवत, आणि हृदयाचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर आधी सांगायचं. डॉक्टरांशिवाय सुरू करायची गोळी नाही ही. पेंटोसान नावाचं आणखी एक औषध याच आजारासाठी देतात, त्याने काहींनाच फायदा होतो आणि तोही काही महिन्यांनी, शिवाय लांब घेतल्यावर डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेले दिसलेत, म्हणून देण्याआधी आणि नंतर डोळे तपासायला लावते मी. आणि पिशवीत नळीने लिग्नोकेन, हेपॅरिन सोडणं हा पर्याय भरती फारच जोरात असेल तेव्हा कामाला येतो.

चार महिन्यांनी बाईंनी परत डायरी आणली. एकूण लघवी तेवढीच, १९००, पण वीसऐवजी दहा वेळात, दर वेळी १८०-२०० मिली. दुखणं आधी ३, नंतर १. दुखणं उतरल्यावर जायची वेळ दहा-दहा मिनिटांनी पुढे ढकलत नेली होती त्यांनी. पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही, पेपर तपासायच्या दिवसांत, रात्र रात्र बसून, अजूनही आठवडाभर वर येतं. ताणाने हे वाढतं हे खरंच, पण ताणाने वाढतं आणि ताणामुळे मनात तयार झालंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "टेन्शन घेऊ नका" म्हणून ज्यांनी तुम्हाला परत पाठवलं त्यांनी पहिल्या गोष्टीतून दुसरी काढली. तुमचं दुखणं खरं आहे.

दुर्बिणीचं विचारलंत. या आजाराचं निदान करायला दुर्बीण प्रत्येकीला लागत नाही, बहुतेकींची पिशवी आतून नॉर्मलच दिसते आणि मग "बघा, काही नाही" असा अजून एक क्लिअर रिपोर्ट हातात पडतो. ती मी दोन कारणांसाठी करते. एक, काही दुसरं गंभीर तर नाही ना. लघवीत रक्त दिसलं असेल, एकदाच आणि न दुखता आलं असेल तरी, किंवा वय चाळीसच्या पुढे आणि विडी-सिगारेटची सवय, तर थांबू नका, कारण पिशवीच्या अस्तरातला सुरुवातीचा कॅन्सर अशीच जळजळ-घाई करतो आणि सोनोग्राफीत दिसत नाही. दुसरं कारण हनर लिजन. गाय हनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९१५ च्या सुमारास वर्णन केलेले हे लालसर, भरताना तडकणारे चट्टे थोड्याच पेशंटमध्ये असतात, जास्त करून पन्नाशीच्या पुढे, पण असले तर गोळ्या-पथ्याने ते हटत नाहीत आणि तो चट्टा जाळला किंवा त्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर आराम मोठा पडतो, पुन्हा उगवला तर पुन्हा करता येतं.

तुमचं वय ३६ आहे, रक्त आल्याचं लिहिलं नाहीत. म्हणून आधी डायरी, एक नीट कल्चर, पस सेल्स आणि लाल पेशींचे जुने आकडे आणि आतून तपासणी, एवढं घेऊन युरॉलॉजिस्टकडे किंवा युरोगायनॅककडे जा. सहा-आठ आठवडे उपचार घेऊन डायरीतले आकडे हलले नाहीत तर दुर्बीण करा, आणि ती भुलीखाली करायला सांगा. जागेपणी दुखतं म्हणून पिशवी पुरती भरू देत नाहीत आणि चट्टा नजरेतून सुटतो. आत जायच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, हनर दिसला तर त्याच वेळी उपचार करणार ना, म्हणजे दोनदा भूल घ्यावी लागणार नाही. मधल्या काळात थंडी वाजून ताप आला, एका कुशीत जोरात दुखलं किंवा लघवी अडली तर मात्र डायरी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.